पंधरा दिवस कोणाचे? महसूल खात्यातील वरिष्ठांना एक खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व उपविभागीय अधिकारी, तहसीलदार आणि नायब तहसीलदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यात तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, परंतु गावात अजूनही ‘तलाठी’ हाच शब्द चालतो आणि या पत्रातही मी तोच वापरणार आहे. कोट्यवधींच्या जमीन घोटाळ्यांबद्दल मला लिहायचे नाही. त्यांच्या चौकश्या होतात, बातम्या येतात. मला लिहायचे आहे ते एका अगदी लहान नियमाबद्दल. तो मोडायला फोनवरचे एक वाक्य पुरते, आणि तो मोडला म्हणून माझ्याखेरीज कोणावर कारवाई झाल्याचे मी माझ्या सबंध नोकरीत पाहिले नाही.

हा नियम फेरफाराच्या नोटिशीचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० आपणा सर्वांना पाठ आहे, तरी हे पत्र खातेदारही वाचतील म्हणून ते थोडक्यात सांगतो. खरेदी, वारसा, वाटणी अशा कोणत्याही कारणाने जमिनीवरचा हक्क बदलला की तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार रजिस्टरात, त्याची नोंद धरतो. त्याच वेळी त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची असते आणि अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्या प्रत्येकाला नमुना ९ ची लेखी नोटीस द्यायची असते. कायदा एवढ्यावर थांबत नाही. अभिलेखात नाव नसलेल्या, पण ज्याचा हितसंबंध असल्याचे मानायला तलाठ्याकडे कारण आहे अशा माणसालाही त्याने कळवायचे असते. नोटीस बजावल्यावर पंधरा दिवस थांबायचे. कोणी हरकत घेतली तर त्याला पोच देऊन ती ६-अ च्या नोंदवहीत चढवायची आणि प्रकरण सुनावणीला ठेवायचे. हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद तपासून प्रमाणित करायची. त्यानंतरच सातबारावर नाव बदलते.

नोंदीची घाई असणारा माणूस कार्यालयात येतो तेव्हा या पंधरा दिवसांना तो ‘सरकारी दिरंगाई’ म्हणतो, आणि दुर्दैवाने आपल्यापैकी अनेक जणही तोच शब्द वापरतात. वास्तविक हे पंधरा दिवस कार्यालयाचे नाहीत आणि अर्जदाराचेही नाहीत. ते त्या वेळी चावडीत हजर नसलेल्या माणसाचे आहेत. ही साधी गोष्ट मला नोकरीत बऱ्याच उशिरा समजली, आणि ती ज्या प्रकरणात समजली ते इथे सविस्तर सांगणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण त्यात चूक माझी होती.

मी तेव्हा तलाठी होतो. माझ्या सज्जातील एका गावात एक वृद्ध शेतकरी वारले. त्यांच्या नावे त्यांनी स्वतः खरेदी केलेली दोन हेक्टर जमीन होती. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली. मुलांनी वारस नोंदीचा अर्ज केला आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडले. त्यात आई, ते दोघे आणि धाकटी बहीण अशी चारच नावे होती. स्थानिक चौकशीत पोलीस पाटलांनी सहज सांगितले की थोरली मुलगी शेजारच्या तालुक्यात दिलेली आहे आणि ती हयात आहे. मुलांना विचारले तेव्हा ते म्हणाले की तिच्या लग्नाला वीस वर्षे झाली, तिने तोंडी हक्क सोडला आहे. तोंडी हक्क सोडता येत नाही, त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, हे मी त्यांना समजावले. परंतु नोंद प्रतिज्ञापत्राप्रमाणेच धरली आणि थोरलीला तिच्या सासरच्या पत्त्यावर पोचदेय डाकेने नोटीस पाठवली. ती पंधरा दिवसांत आली असती आणि दोन ओळींचा अर्ज दिला असता, तर सगळे सुरळीत झाले असते.

मे महिना संपत आला होता. मुलांना विकास सोसायटीचे पीक कर्ज उचलायचे होते आणि सचिवांनी नवा सातबारा मागितला होता. डाकेची पोच परत आली नव्हती. एका संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, उलट आपुलकी होती. ते म्हणाले, “माणसं आपली आहेत. पेरणीचे दिवस आहेत. नोटीस गेली आहे ना? मग तारीख टाका आणि मोकळे व्हा.” संगणकावर नोटीस बजावल्याची तारीख भरण्याचा एक रकाना असतो. ती तारीख भरल्यापासून पंधरा दिवस मोजले जातात. मी त्या रकान्यात सतरा दिवसांपूर्वीची तारीख भरली. दोन दिवसांत नोंद प्रमाणित झाली. धाकटा मुलगा पेढे आणि एक पाकीट घेऊन आला. पाकीट मी परत केले आणि पेढा घेतला. त्या रात्री मला समाधान वाटले होते, हे मी आज लिहून ठेवतो. मी पैसे घेतले नव्हते, म्हणजे मी स्वच्छ होतो, अशी माझी ठाम समजूत होती.

दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, थोरली बहीण चावडीत आली. तिच्या हातात सातबाऱ्याची घडी घातलेली प्रत होती आणि पिशवीत पोस्टाचा तो लिफाफा होता. तो तिला मिळाला होता, पण मी भरलेल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी, कारण तिचे कुटुंब ऊसतोडीसाठी बाहेर जाऊन उशिरा परतले होते आणि मधले काही दिवस ते दुसऱ्या वस्तीवर राहत होते. नोटिशीत काय लिहिले आहे ते तिला वाचता आले नव्हते आणि वाचून दाखवणाऱ्याने सांगितले होते की मुदत अजून आहे. तिने प्रत माझ्यासमोर ठेवली आणि विचारले, “भाऊ, मला कागद मिळायच्या आधीच तो मिळाला असं तुम्ही कसं लिहिलंत?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढचा हिशेब असा. पाच वारसांत प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस आर जमीन येत होती. तिचे नाव गाळल्यामुळे उरलेल्या चौघांना प्रत्येकी पन्नास आर दिसू लागली. नोंद प्रमाणित झाल्यावर अपिलाची मुदत साठ दिवसांची. ती केव्हाच उलटून गेली होती, म्हणून तिला प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलासोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज करावा लागला. भावांच्या वकिलांनी माझ्याच तारखेवर बोट ठेवले: नोटीस अमुक दिवशी बजावली आहे, मग ही बाई इतके महिने काय करत होती? विलंब माफ होऊन, अपील चालून, तिचे नाव लागेपर्यंत दोन वर्षे आणि आठ महिने गेले. प्रत्येक तारखेला एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडत होती. शेवटी हक्क मिळाला, पण माहेर तुटले. सुनावणीत मी माझी चूक लेखी कबूल केली, त्याचा तिला उपयोग झाला. माझ्यावर कारवाई म्हणून सक्त ताकीद मिळाली. फोन करणाऱ्या वरिष्ठांचे नाव त्या कागदपत्रांत कुठेही नव्हते, कारण फोनचा कागद नसतो.

आता मी आपल्याकडे येतो. कनिष्ठ माणूस अशा फोनला नाही का म्हणत नाही, हे आपणास ठाऊक आहे, कारण आपणही कधीतरी कनिष्ठ होता. त्याला सर्वांत मोठी भीती बदलीची नसते. बदलीला निदान कायदा आहे. २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवून दिला आहे आणि मुदतपूर्व बदलीला लेखी कारणे लागतात. खरी भीती असते ती ज्याला कायदा नाही अशा गोष्टींची: दुसऱ्या दोन सज्जांचा अतिरिक्त कार्यभार, नामंजूर झालेली रजा, गोपनीय अहवालातील एखादा सौम्य पण घातक शेरा, मासिक बैठकीत चाळीस जणांसमोर उभे करून विचारलेले प्रश्न. यांतील बहुतेक गोष्टींविरुद्ध दाद मागणे अवघड असते.

शिवाय एक गोष्ट आहे जी आपण सारे जाणतो आणि कोणीच लिहीत नाही. दौरे येतात. विश्रामगृहाचे जेवण, मंडप, पाण्याच्या बाटल्या, पाहुण्यांच्या गाड्यांचे डिझेल, हार आणि शाली यांचा खर्च होतो. त्यासाठी मंजूर तरतूद नसते किंवा अपुरी असते, आणि मग ‘बघून घ्या’ असे सांगितले जाते. तो खर्च मंडळावर पडतो, मंडळातून सज्जांवर वाटला जातो. काही ठिकाणी कामाचा बोजा उरकण्यासाठी तलाठी स्वतःच्या खिशातून एक खासगी मदतनीस ठेवतो, ज्याला सर्वत्र ‘झिरो तलाठी’ म्हणतात. त्याचा पगार कोणत्याही लेखाशीर्षात नसतो. पगारातून हे सगळे भागत नाही. ज्या महिन्यात दौऱ्याची वर्गणी मागितली जाते, त्याच महिन्यात वारस नोंदीसाठी आलेल्या माणसाला चहापाण्याचे विचारले जाते, आणि विचारणारा बहुतेकदा तो झिरोच असतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांच्या बातम्यांत ‘खासगी इसम’ हे दोन शब्द वारंवार का येतात, याचे उत्तर इथे आहे. यामुळे लाच घेणाऱ्याचा गुन्हा कमी होतो, असे मी मुळीच म्हणत नाही. वर्गणी मागणाऱ्याने मात्र ती कुठून येते हे आपणास माहीत नव्हते असे म्हणू नये.

खातेदारांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण दबाव फक्त वरून येत नाही. “साहेब, तुम्ही कुठे मागितलेत, आम्हीच खुशीने देतोय,” हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले. त्यात मोठा गैरसमज आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ७ खाली एक उदाहरणच घालण्यात आले: शिधापत्रिकेचा नेहमीचा अर्ज वेळेत निकाली काढण्यासाठी लोकसेवकाने पाच हजार रुपये मागितले, तर तो गुन्हा आहे. काम नियमातले होते आणि ते नियमानुसारच केले, हा बचाव तिथे चालत नाही. त्याच दुरुस्तीने लाच देणे हाही थेट स्वतंत्र गुन्हा ठरला. ज्याला द्यायला भाग पाडले गेले आणि ज्याने सात दिवसांत तक्रार केली, त्याला त्यातून वगळले आहे. म्हणजे खुशीने देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण नाही, अडवला गेलेल्याला आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्याच्यासाठी आहे. आणि आपण पाकीट देऊन जे पंधरा दिवस वाचवता, ते दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून वजा होतात, हे मी वर सांगितलेल्या बहिणीकडे पाहून सांगतो. उद्या नोंद आपल्या शेजाऱ्याची असेल आणि नोटीस आपल्या पत्त्यावर यायची असेल.

अर्थात, मुद्दाम कामे अडवून ठेवणारेही आपल्या खात्यात आहेत आणि त्यांच्यामुळे ‘वजन ठेवल्याशिवाय कागद हलत नाही’ ही समजूत पक्की झाली आहे. त्यांना ओळखणे अवघड नाही. दप्तर तपासणीत मुख्यतः वसुली आणि प्रलंबित नोंदींचा आकडा पाहिला जातो. त्याऐवजी एका सज्जातील मागील सहा महिन्यांच्या वीस फेरफारांच्या संचिका काढून घ्याव्यात आणि प्रत्येकीत चार तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात: अर्ज मिळाल्याची, नोंद धरल्याची, संगणकात भरलेली नोटीस बजावल्याची आणि डाकेच्या पोचेवरील प्रत्यक्ष सहीची. अर्धा तास पुरतो. तिसरी तारीख चौथीच्या आधीची असेल तर माझ्यासारखा प्रकार झालेला आहे. दहा वेगवेगळ्या गावच्या नोटिसा एकाच दिवशी बजावलेल्या दिसल्या तर त्या घरी बसून बजावल्या आहेत. जानेवारीचा अर्ज पडून असताना मार्चचा अर्ज आठ दिवसांत नोंदला गेला असेल तर त्याचे कारण विचारावे. कधी ते न्यायालयाचा आदेश असते, कधी नसते. ज्या संचिकेत महिनोन्महिने काहीच घडलेले नाही आणि तरी त्रुटीचे एकही लेखी पत्र नाही, तिथे त्रुटी तोंडी सांगितली गेली आहे, आणि तोंडी त्रुटीची किंमत ठरवता येते.

माझ्या मागण्या फार नाहीत. पहिली मागणी अशी की आपण कनिष्ठाला जी सूचना फोनवर देता, ती लेखी द्यावी. हे मी नवीन काही मागत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्येच म्हटले आहे की वरिष्ठाच्या निर्देशानुसार वागायचे असेल तर तो निर्देश शक्यतो लेखी घ्यावा आणि ते शक्य नसेल तर त्यानंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवावी. सर्वोच्च न्यायालयानेही माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर २०१३ मध्ये निकाल देताना अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, असे स्पष्ट केले. त्या बहिणीच्या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली. असा फोन आला की त्याच दिवशी संचिकेत टिपणी लिहायची: ‘आज दूरध्वनीवरून अमुक सूचना प्राप्त झाली. नोटिशीची पोच अद्याप अप्राप्त आहे. सूचनेच्या लेखी पुष्टीसाठी सविनय सादर.’ मी अशा टिपण्या मोजून सहा लिहिल्या. सहाही वेळा लेखी पुष्टी आली नाही आणि सहाही वेळा तो विषय पुन्हा निघाला नाही. दोनदा मात्र त्यानंतर माझ्याकडे अतिरिक्त कार्यभार आला. तो मी सांभाळला, पण घरात लहान मुले आणि आजारी आईवडील असलेल्या नव्या मुलाला किंवा मुलीला तो सांभाळता येईलच असे नाही. म्हणून ही टिपणी लिहिण्याचा भार खालच्या माणसावर न टाकता आपणच लेखी सूचनेने सुरुवात करावी, ही माझी विनंती आहे. जी सूचना लिहिताना हात अडखळतो, ती फोनवरूनही देऊ नये.

दुसरी मागणी दौऱ्यांच्या खर्चाची. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षभरात झालेल्या प्रत्येक दौऱ्याचा प्रत्यक्ष खर्च किती आला आणि त्यातला किती शासकीय देयकातून भागवला गेला, याचा तक्ता करून आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि उरलेल्या रकमेची तरतूद मागावी. ती मिळेलच याची मला खात्री नाही. परंतु उरलेली रक्कम कागदावर आली की ती कोणी भरली, हा प्रश्न कोणाला तरी विचारावा लागेल. आजपर्यंत तो विचारला गेला नाही, कारण ती रक्कम कधी लिहिलीच गेली नाही.

आणखी एक मागणी नव्या भरतीतील मुलामुलींसाठी आहे. त्यांच्यातील बरेच जण स्पर्धा परीक्षा देऊन, पैसे न देता, मोठ्या उमेदीने आलेले आहेत. रुजू झाल्यापासून पहिल्याच महिन्यात त्यांना ‘सगळे असेच चालते’ हे आपल्या कार्यालयातूनच शिकवले जाते. पुढील मासिक बैठकीत आपण फक्त एवढे सांगावे की नोटिशीची पोच आल्याशिवाय बजावणीची तारीख भरायची नाही, मग फोन कोणाचाही असो, माझा असला तरी. हे वाक्य आपल्या तोंडून सर्वांसमोर आले आणि बैठकीच्या इतिवृत्तात उतरले, तर पुढच्या वेळी अशा फोनला नाही म्हणणाऱ्या तलाठ्याला आधारासाठी दाखवायला एक कागद असेल.

त्या बहिणीच्या प्रकरणाची माझ्याकडची छायाप्रत मी अजून जपून ठेवली आहे. गावाचे, गटाचे आणि व्यक्तींचे उल्लेख झाकून ती कोणत्याही तहसील कार्यालयात प्रशिक्षणासाठी घेऊन येण्याची माझी तयारी आहे. चार तारखा कशा वाचायच्या हे त्या एका संचिकेवरून दोन तासांत दाखवता येते.

आपला,
एक सेवानिवृत्त मंडळ अधिकारी